काखेतला पहिला नाका

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष स्तनाकडे असतं. तो राहणार की काढावा लागणार, व्रण केवढा असेल, याच गोष्टी विचारल्या जातात. काखेत काय करणार, हे सहसा कुणी विचारत नाही. पण ऑपरेशनला पाच-सात वर्षं होऊन गेलेल्या स्त्रियांशी बोलायला बसलं, तर तक्रारी बऱ्याचदा हाताच्या निघतात. एका हातात बांगड्या चढत नाहीत, ब्लाउजची एक बाही उसवून सैल करावी लागते, दंडाच्या आतल्या बाजूला स्पर्शच कळत नाही. आजार गेला, पण हात पहिल्यासारखा राहिला नाही.

हा त्रास बहुतांशी काखेच्या ऑपरेशनचा असतो. काखेत त्वचेखाली चरबीचा एक थर असतो आणि त्या चरबीत वीस-तीस लसीकाग्रंथी विखुरलेल्या असतात. दवाखान्यात सगळे त्यांना ‘नोड’ म्हणतात. स्तनातल्या गाठीशी घोटाळा नको म्हणून आपणही इथे तेच म्हणू. शरीरातल्या पेशींच्या मधल्या जागेत जो पातळ द्रव साचतो, ती लसीका. ती केसाहून बारीक नळ्यांमधून वाहत नोडपर्यंत येते, तिथे गाळली जाते आणि शेवटी रक्तात परत जाते. स्तनाची बरीचशी लसीका काखेत येते. हाताची लसीकाही काखेतूनच जाते, आणि सगळी अडचण इथे आहे.

काख पूर्ण साफ करायची म्हणजे काखेतल्या मोठ्या शिरेच्या खालची चरबी तिच्यातल्या नोडांसकट एकत्र काढायची. पॅथॉलॉजिस्टला त्या तुकड्यात साधारण दहा ते वीस नोड मिळतात, कधी जास्तही. त्या चरबीतून तीन महत्त्वाच्या नसा जातात. खांद्याचं पातं छातीशी धरून ठेवणारी आणि पाठीच्या मोठ्या स्नायूला जाणारी, अशा दोन नसा सर्जन जिवापाड जपतात. दंडाच्या आतल्या त्वचेला संवेदना देणारी तिसरी नस चरबीच्या मधोमध आडवी जाते आणि पुष्कळदा कापली जाते. बधिरपणा येतो तो त्यामुळे. शिवाय काही दिवस नळी ठेवावी लागते, ती काढल्यावरही पाणी साचू शकतं, खांदा आखडतो. सगळ्यांत चिवट दुखणं म्हणजे हाताची सूज. हाताच्या लसीकेची वाट तोडली गेल्यामुळे ती हातातच साचते. ही सूज ऑपरेशननंतर काही महिन्यांनी येऊ शकते, तशीच काही वर्षांनीही. एकदा आली की दाबपट्टी आणि मालिश करून ती आटोक्यात ठेवता येते, कायमची घालवणं कठीण. काख पूर्ण साफ केलेल्या साधारण पाच स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो.

मग इतकी वर्षं सरसकट हे का केलं गेलं?

बाल्टिमोरच्या विल्यम हाल्स्टेड यांनी १८९०च्या दशकात मांडलेला विचार असा होता की कर्करोग पायरीपायरीने पसरतो. आधी स्तन, मग काख, मग पुढे. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काख हे सगळं एकसंध काढलं तर रोगाची वाट बंद होईल. त्या काळात बायका खूप मोठ्या गाठी घेऊन येत, दुसरा इलाज हाताशी नव्हता, तेव्हा हा विचार धाडसाचा आणि उपयोगाचाही होता. पुढे सत्तर-ऐंशी वर्षं तो जवळपास कुणी तपासून पाहिला नाही.

तो तपासला अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांनी. त्यांच्या गटाने १९७१ मध्ये एक अभ्यास सुरू केला. काखेत हाताला काही लागत नाही अशा स्त्रियांचे चिठ्ठी टाकावी तसे गट पाडले. एका गटात स्तनाबरोबर काखही साफ केली, एका गटात फक्त स्तन काढला आणि काखेला हात लावला नाही. साफ केलेल्या काखांपैकी सुमारे ४० टक्क्यांत कर्करोग निघाला. गट चिठ्ठीने पाडलेले, त्यामुळे ज्यांच्या काखेला हात लावला नव्हता त्यांतही साधारण तेवढ्याच जणींच्या नोडांत रोग असणार. पण पुढे त्यांपैकी १८-१९ टक्के स्त्रियांच्याच काखेत तो वर आला आणि तेव्हा त्यांची काख साफ केली. पंचवीस वर्षांनी हिशेब मांडला, तर दोन्ही गटांतलं जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. आणि त्या काळात या स्त्रियांना केमोथेरपीही दिलेली नव्हती.

यातून एक गोष्ट निघाली आणि ती पचायला सर्जनांना वेळ लागला. काखेत हाताला काही लागत नसताना ती साफ केल्याने आयुष्य वाढत नव्हतं. त्यातून मुख्यतः माहिती मिळत होती. नोडांत रोग आहे का, किती नोडांत आहे, यावरून पुढची औषधं ठरत. म्हणजे ज्या ६० टक्के स्त्रियांच्या काखेत काहीच नव्हतं, त्यांनी हाताचं दुखणं ओढवून घेतलं ते ‘काही नाही’ एवढं ऐकण्यासाठी. हीच माहिती दोन-तीन नोड काढून मिळाली तर?

तशी युक्ती आधी दुसऱ्या कर्करोगांत सापडली. पॅराग्वेत जन्मलेल्या रेमन काबानास यांनी १९७७ मध्ये शिश्नाच्या कर्करोगात दाखवलं की तिथली लसीका जांघेतल्या कुठल्याही नोडात कशीही जात नाही, आधी एका ठरावीक नोडात जाते. पण त्यांनी तो नोड शरीरातल्या ठरलेल्या जागेवर शोधला, आणि ही जागा माणसागणिक बदलते. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी १९९२ मध्ये यावर तोडगा मांडला: जागेवर विसंबू नका, गाठीजवळ निळा रंग टोचा आणि तो कुठल्या नोडात पोचतो ते पाहा. पुढच्याच वर्षी डेव्हिड क्राग यांनी स्तनाच्या कर्करोगात किरणोत्सारी द्रव्य आणि हातात धरायचं मापक वापरून असा नोड शोधला. त्यानंतरच्या वर्षी मॉर्टन यांचे सहकारी अर्मांडो जुलियानो यांनी निळ्या रंगाचा स्तनासाठीचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना सुरुवातीला तीनांतल्या दोन स्त्रियांतच तो नोड सापडत होता. हात बसल्यावर, आणि रंग व किरणोत्सारी द्रव्य एकत्र वापरल्यावर, आता शंभरात पंचाण्णवांहून अधिक जणींत तो सापडतो.

कल्पना अगदी जकातनाक्यासारखी आहे. गावातून बाहेर पडणारा माल आधी पहिल्या नाक्यावरून जातो. त्या नाक्यावर काही सापडलं नाही, तर पुढच्या नाक्यांवर सापडण्याची शक्यता फार थोडी. गाठीकडून निघालेली लसीका ज्या नोडात सर्वांत आधी पोचते तो सेंटिनेल नोड. तोच काढायचा आणि बारकाईने तपासायचा.

प्रत्यक्षात हे कसं होतं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा सातारच्या एक छप्पन्न वर्षांच्या शिक्षिका आहेत. डाव्या स्तनात वरच्या बाहेरच्या बाजूला अडीच सेंटिमीटरची गाठ आहे, सुईच्या तपासणीत कर्करोग निघाला आहे. काखेत हाताला काही लागत नाही. सोनोग्राफीतही नोड नेहमीसारखे दिसतात, म्हणजे त्यांची बाहेरची साल पातळ आहे आणि मधला चरबीचा भाग शाबूत आहे. ही सोनोग्राफी महत्त्वाची. नोड संशयास्पद दिसला असता, तर आधी त्यातच सुई घालून पाहिलं असतं. तिथे रोग आधीच सिद्ध झाला तर पहिल्या नाक्याचा प्रश्नच वेगळा होतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात स्तनाग्राभोवतीच्या काळसर त्वचेत टेक्नेशियम लावलेल्या अतिसूक्ष्म कणांचं इंजेक्शन देतात. गाठ बाहेरच्या बाजूला असताना इंजेक्शन मध्यभागी का? कारण स्तनाच्या बहुतेक भागाची लसीका शेवटी एकाच वाटेने त्याच पहिल्या नोडाकडे जाते. हे कण नोडात अडकून राहतात. टेक्नेशियमचा किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो, मात्राही अगदी कमी असते, त्यामुळे घरच्यांना बाईंपासून दूर बसायची गरज नसते. मग भूल दिल्यावर सर्जन त्याच भागात निळा रंग टोचतात आणि पाचएक मिनिटं स्तन चोळतात, म्हणजे रंग नळ्यांतून पुढे सरकतो. आपल्याकडे यासाठी बहुतेक ठिकाणी मिथिलीन ब्लू वापरतात. ते स्वस्त आहे आणि सहज मिळतं.

या निळ्या रंगाच्या काही गमती आहेत आणि एक-दोन गंभीर गोष्टीही. रंग रक्तात उतरल्यावर बोटाला लावलेलं प्राणवायूचं यंत्र उगाच कमी आकडा दाखवतं, म्हणून भूलतज्ज्ञाला रंग टोचण्याआधी सांगावं लागतं. दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते. हे आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरतात. टोचलेल्या जागेवर निळसर डाग काही महिने राहू शकतो, आणि मिथिलीन ब्लू फार वरवर त्वचेतच टोचलं गेलं तर तिथली त्वचा मरू शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर मिथिलीन ब्लू धोक्याचं ठरतं आणि गरोदरपणात ते देत नाहीत. अशा गोळ्या चालू असतील, तर त्या मनाने बंद न करता डॉक्टरांना आधीच सांगायला हव्यात. मनाच्या गोळ्यांचा आणि छातीच्या ऑपरेशनचा काय संबंध, असं वाटून पुष्कळ जणी ते सांगायचं टाळतात.

आता सर्जन गॅमा प्रोब हातात घेतात. पेनाहून जरा जाड अशी ती कांडी निर्जंतुक पिशवीत गुंडाळलेली असते. किरणोत्सार जास्त असेल तिकडे वळवली की तिचा आवाज चढतो आणि पडद्यावर आकडा दिसतो. त्वचेवरूनच सर्वांत मोठा आवाज कुठे येतो ते पाहून, केसांची रेषा संपते तिथे तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात. आत चरबी अलगद बाजूला करत निळी नळी दिसते का ते बघायचं, दिसली की ती न तोडता तिच्यामागे जायचं. आपल्या उदाहरणात ती एका निळ्या नोडापाशी संपते. तो बाहेर काढून प्रोबवर धरला तर आकडा येतो २४००. शेजारचा दुसरा नोडही फिकट निळा, त्याचा आकडा ७००. तिसरा निळा नाही, पण आवाज देतो, ३१०. हाही काढायचा का? सर्वांत जास्त आकड्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त किरणोत्सार असलेला प्रत्येक नोड काढायचा, असा नियम आहे. २४००चे दहा टक्के २४०, म्हणून तिसराही काढला. मग रिकाम्या जागेत प्रोब फिरवला, आकडा ९०. म्हणजे आत असा दुसरा नोड उरलेला नाही.

यानंतर सर्जनने आणखी एक साधी गोष्ट करायची असते, आणि यंत्रांच्या नादात ती कधीकधी राहून जाते. त्या छेदातून बोट घालून काख चाचपायची. कडक, मोठा नोड लागला तर तो निळा नसला, आवाज करत नसला तरी काढायचा. याचं कारण नाक्याच्याच उदाहरणात आहे. रोगाने नोड पूर्ण भरून गेला की त्यात जाणारी वाट बुजते. मग रंग आणि कण आडवाटेने दुसऱ्याच नोडाकडे जातात, सर्जन तो साफसुथरा नोड काढतात आणि रोग मागे राहतो.

हाच या तपासणीचा सर्वांत मोठा दोष. त्याचा आकडा ऐकून लोक दचकतात. अमेरिकेत ५,६०० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या काखेत रोग होता अशा सुमारे दहांतल्या एकीला सेंटिनेल नोडाने ‘रोग नाही’ असं सांगितलं. दहांत एक चूक! पण हा आकडा नीट वाचायला हवा. काखेत हाताला काही लागत नाही अशा शंभर स्त्रिया घ्या. त्यांतल्या साधारण तीस जणींच्या काखेत रोग असेल असं धरू. त्या तिसांपैकी तिघी सुटतील. ‘काख स्वच्छ’ असं ज्यांना सांगितलं त्या झाल्या सत्तर अधिक तीन, म्हणजे त्र्याहत्तर, आणि त्यांत चुकीचं सांगितलं गेलं तिघींना. हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास. सुटलेला प्रत्येक रोग पुढे वर येतो, असंही नाही. त्याच अभ्यासात सेंटिनेल नोड स्वच्छ निघालेल्या स्त्रियांचे दोन गट होते. सुमारे २००० जणींची काख तरीही साफ केली, दुसऱ्या सुमारे २००० जणींची तशीच ठेवली. पुढच्या वर्षांत काखेत किंवा जवळच्या नोडांत रोग उलटला तो पहिल्या गटात ८ जणींना आणि दुसऱ्यात १४. जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

हाताच्या बाबतीत मात्र फरक चांगलाच दिसतो. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात वर्षभरानंतर हाताची सूज काख साफ केलेल्यांत १३ टक्के होती, सेंटिनेल तपासणी झालेल्यांत ५ टक्के. बधिरपणा ३१ टक्के विरुद्ध ११. शून्य नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. काही जणींमध्ये हाताची आणि स्तनाची लसीका एकाच नोडातून जाते, तेव्हा तो काढला की थोडाफार त्रास राहतोच.

आता पुन्हा सातारच्या बाईंकडे. स्तनातली गाठ काढली, स्तन राहिला, दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. काखेत नळी नव्हती. ते तीन नोड पॅथॉलॉजीत गेले. तिथे नोडाच्या दर दोन मिलिमीटरला चकत्या पाडून प्रत्येक चकती पाहतात. काख पूर्ण साफ केल्यावर मिळणाऱ्या पंधरा-वीस नोडांवर एवढी मेहनत घेणं शक्य होत नाही. त्यामुळे गंमत अशी होते की थोडे नोड काढून तपासणी उलट जास्त बारीक होते. आठवड्याभराने अहवाल आला: पहिल्या नोडात साडेतीन मिलिमीटरचा कर्करोगाचा ठिपका, बाकी दोन स्वच्छ. दोन मिलिमीटरच्या वरचा ठिपका मोठा धरतात.

बाईंची मुलगी डॉक्टरांना विचारते, “म्हणजे पुन्हा ऑपरेशन?” डॉक्टर म्हणतात, “नाही. काकू, काखेत परत हात घालायची गरज नाही.”

मुलीला हे पटत नाही आणि न पटणं साहजिक आहे. पहिल्या नाक्यावर माल सापडला आणि पुढचे नाके तपासायचेच नाहीत? पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत उत्तर हेच होतं की तपासायचे, सगळी काख साफ करायची. ते बदललं जुलियानो यांच्याच नेतृत्वाखालच्या एका अभ्यासाने, ज्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यात पाच सेंटिमीटरपर्यंतची गाठ, एक किंवा दोन सेंटिमीटर नव्हे तर एक किंवा दोन सेंटिनेल नोडांत रोग, स्तन राखून ऑपरेशन आणि नंतर संपूर्ण स्तनाला रेडिएशन, अशा ८९१ स्त्रिया होत्या. निम्म्यांची काख साफ केली, निम्म्यांची ठेवली. साफ केलेल्यांत २७ टक्के जणींच्या उरलेल्या नोडांतही रोग सापडला. याचा अर्थ दुसऱ्या गटातल्याही साधारण चौथ्या हिश्श्याच्या काखेत रोग मागे राहिला होता, आणि डॉक्टरांनी तो जाणूनबुजून राहू दिला होता. पाच वर्षांनी त्या गटात काखेत रोग उलटला तो शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना. दहा वर्षांनी जिवंत होत्या ८६ टक्के, काख साफ केलेल्यांतल्या ८४ टक्के. हा दोन टक्क्यांचा फरक योगायोगाचा. सांगायचं ते एवढंच की साफ केल्याने फायदा झाला नाही.

मागे राहिलेला रोग गेला कुठे? त्याला उरलेल्या उपचारांनी गाठलं. केमोथेरपी किंवा हार्मोनच्या गोळ्या सगळ्या शरीरात जातात, काखही त्यात आली. आणि स्तनाला रेडिएशन देताना काखेचा खालचा भागही बऱ्याचदा किरणांत सापडतो. या अभ्यासावर टीकाही खूप झाली. ठरवल्या होत्या १९०० स्त्रिया, मिळाल्या त्याच्या निम्म्याही नाहीत, आणि काही ठिकाणी रेडिएशनचा पट्टा ठरल्यापेक्षा वर नेला होता. ती टीका रास्त होती. म्हणून युरोपात पुढे आणखी मोठे अभ्यास झाले. एकात नोडांत रोग असलेल्या १,४०० हून अधिक स्त्रियांत काख साफ करण्याऐवजी काखेला रेडिएशन दिलं. काखेत रोग उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे फारच कमी राहिलं आणि पाच वर्षांनी हाताची सूज २३ टक्क्यांवरून ११वर आली. स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात स्तन पूर्ण काढलेल्या स्त्रियाही होत्या, २०२४ मध्ये आलेला त्याचा निष्कर्षही त्याच दिशेचा. बाईंच्या मुलीला डॉक्टरांनी दिलेल्या उत्तराला एवढा आधार आहे.

पण हे सगळं कुणाला लागू नाही, तेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. तीन किंवा अधिक सेंटिनेल नोडांत रोग निघाला, स्तन लाल होऊन सुजतो त्या जातीचा कर्करोग असला, किंवा आधी केमोथेरपी देऊनही नोडांत रोग उरला, तर आजही काख साफ करण्याचाच सल्ला बहुधा मिळतो. आणि तो योग्य असतो. सुटका मिळणं हा हक्क आहे असं समजून या बायकांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे पळू नये.

आपल्याकडे ही यादी लांबते, कारण बऱ्याच स्त्रिया गाठ मोठी होऊन, काखेत नोड हाताला लागत असताना येतात. त्यांना आता अनेकदा आधी केमोथेरपी देतात. त्याने नोड विरघळले तर ऑपरेशनच्या वेळी सेंटिनेल तपासणी करता येते. मात्र ती जास्त चुकते, कारण औषधाने मेलेल्या रोगाच्या जागी व्रण तयार होऊन लसीकेच्या वाटा बदलतात. यावर केलेल्या अमेरिकी अभ्यासात चुकीचं प्रमाण १२-१३ टक्के निघालं. ते खाली आणायला तीन गोष्टी लागतात: रंग आणि किरणोत्सारी द्रव्य दोन्ही वापरणं, किमान तीन नोड काढणं, आणि केमोथेरपीआधी रोग सिद्ध झालेल्या नोडात एक बारीक धातूची क्लिप ठेवून ऑपरेशनमध्ये तोच नोड नक्की बाहेर आला याची खात्री करणं. या क्लिपची वेळ केमोथेरपीच्या आधीची असते. नंतर आठवण होऊन उपयोग नाही, कारण तोवर नोड ओळखू येत नाही.

दुसरी अडचण साधनांची. टेक्नेशियम आणि गॅमा प्रोब मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत असतात. नुसत्या निळ्या रंगावर चालवायचं तर सर्जनचा हात फार सरावलेला हवा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी यावर एक अगदी साधी पद्धत पुढे आणली. दंडाला संवेदना देणाऱ्या ज्या आडव्या नसेचा वर उल्लेख आला, तिच्या खालची काखेतली चरबी तेवढी एका तुकड्यात काढायची. त्यात सेंटिनेल नोड बहुतेक वेळा येतोच. रंग नको, यंत्र नको, नस शाबूत. त्यांच्या तुलनेत ही पद्धत सेंटिनेल तपासणीपेक्षा कमी अचूक ठरली नाही. नोड थोडे जास्त निघतात खरे, पण पूर्ण काखेच्या मानाने ते काहीच नाही. जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या सर्जनला उपयोगी पडेल असं हे काम आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. शहरांत आता हिरवा रंगही वापरात येतोय. तो इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली चमकतो, त्यामुळे नळी त्वचेतूनच दिसते आणि किरणोत्सारी द्रव्य लागत नाही.

एवढं सगळं वाचून कुणाच्या मनात येईल, की नोडांत रोग असूनही पुढे काही करायचं नसेल, तर मुळात ते तीन नोड तरी का काढायचे? हा प्रश्न इटलीतल्या डॉक्टरांनाही पडला. त्यांनी दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ काख असलेल्या १,४०५ स्त्रियांत निम्म्यांची सेंटिनेल तपासणीच केली नाही. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षात पाच वर्षांनी दोन्ही गटांत ९८ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांमध्ये रोग दूर कुठे पसरला नव्हता. तेव्हा पाळी थांबलेल्या, पन्नाशीपुढच्या, हार्मोनला दाद देणारी लहान गाठ असलेल्या स्त्रियांना काही तज्ज्ञ आता काखेला हातच न लावण्याचा पर्याय देऊ लागले आहेत. सातारच्या बाईंची गाठ अडीच सेंटिमीटरची होती, म्हणून त्या यात बसल्या नाहीत. कमी वयाच्या स्त्रियांत, किंवा नोडांच्या उत्तरावर केमोथेरपी द्यायची की नाही हे अवलंबून असतं तिथे, तीन नोड अजून काढावेच लागतात.